प्रबंधातलं मर्यादांचं पान

मराठीतला, विशेषतः शिक्षणशास्त्रातला कुठलाही प्रबंध उघडा. पहिल्या प्रकरणाच्या शेवटी ‘संशोधनाची व्याप्ती, मर्यादा व परिमर्यादा’ असं एक उपशीर्षक बहुधा सापडेलच. त्याखाली पाच-सहा वाक्यं असतात, आणि विषय कोणताही असो, ती एकमेकांसारखी दिसतात. अभ्यास अमुक तालुक्यापुरता मर्यादित आहे. वेळ, पैसा व मनुष्यबळ अपुरं होतं. विद्यार्थ्यांची मानसिकता, थकवा यांवर संशोधकाचं नियंत्रण नव्हतं. सबब निष्कर्ष सार्वत्रिक मानता येणार नाहीत. मागच्या बॅचच्या प्रबंधातून हा परिच्छेद उचलला, तालुक्याचं नाव बदललं, तरी चालून जातं.

तो चालून जातो हीच अडचण आहे. चार-पाच वर्षांच्या कामानंतर संशोधकाला स्वतःच्या अभ्यासातली कच्ची जागा नेमकी ठाऊक असते. परीक्षकाला ती पहिल्या वाचनात दिसते. या परिच्छेदात मात्र तिचा पत्ता नसतो. शिवाय शेवटचं वाक्य आपल्याच हाताने सगळ्या कामावर पाणी सोडतं. प्रामाणिकपणाही साधत नाही आणि काम तर उणावतं, असा हा दुहेरी तोटा आहे.

याचं एक कारण परिच्छेद केव्हा लिहिला जातो, यात आहे. सिनॉप्सिस, म्हणजे संशोधनाचा आराखडा, विद्यापीठात सादर करताना तो लिहिला जातो. तेव्हा एकाही शाळेत पाऊल टाकलेलं नसतं, एकही प्रश्नावली भरून आलेली नसते. मग लिहिणार काय? जे काही होऊ शकेल ते मोघमपणे लिहिलं जातं. तोच मजकूर पुढे पहिल्या प्रकरणात जातो, आणि शेवटच्या प्रकरणात त्याचा सारांश येतो. मधल्या काळात प्रत्यक्ष काय घडलं, कोण गळालं, कुठे तडजोड करावी लागली, हे लिहायला प्रबंधात जागाच उरत नाही. परिमर्यादा, म्हणजे संशोधकाने स्वतः आखून घेतलेलं कुंपण, पहिल्या प्रकरणात शोभते. खऱ्या मर्यादा मात्र निष्कर्षांच्या नंतर, त्यांच्या अगदी शेजारी यायला हव्यात, कारण त्या निष्कर्षांबद्दलच काही सांगत असतात.

हे नुसतं बोलून कळणार नाही, म्हणून एक उदाहरण घेऊ. ते मी या लेखासाठी बांधलं आहे आणि त्यातले आकडेही त्यासाठीच योजले आहेत. पण असे अभ्यास आपल्याकडे सतत होतात, आणि त्यातल्या अडचणी अगदी खऱ्या असतात.

बीड जिल्ह्यातल्या एका तालुक्यात एक विद्यार्थिनी पीएच.डी. करते आहे. तिसरीच्या मुलांना रोज शाळेत अर्धा तास गोष्टींची पुस्तकं स्वतः वाचू दिली, तर त्यांच्या वाचनाचा वेग वाढतो का, हा तिचा प्रश्न. तिने जिल्हा परिषदेच्या 12 शाळा घेतल्या. सहा शाळांत उपक्रम राबवला, सहा शाळांत नेहमीसारखंच शिकवणं चालू राहिलं. प्रत्येक शाळेतली 20 मुलं, म्हणजे एकूण 240. जुलैत पूर्वचाचणी आणि मार्चमध्ये उत्तरचाचणी. मुलाने समोरचा उतारा मोठ्याने वाचायचा आणि मिनिटाला किती शब्द अचूक वाचले ते मोजायचं. उपक्रमाच्या शाळांत मुलांचा वेग सरासरी 21 शब्दांनी वाढला, दुसऱ्या शाळांत 13 शब्दांनी. फरक 8 शब्दांचा. तिसरीच्या मुलासाठी ही चांगली भर आहे.

आता तिने प्रबंधात लिहिलेला परिच्छेद पाहा:

“प्रस्तुत संशोधन बीड जिल्ह्यातील एका तालुक्यापुरते मर्यादित आहे. संशोधनासाठी केवळ 12 शाळांची निवड करण्यात आली. वेळ, पैसा व मनुष्यबळ यांच्या अभावी मोठा नमुना घेता आला नाही. विद्यार्थ्यांची मानसिकता, थकवा व कौटुंबिक वातावरण यांवर संशोधकाचे नियंत्रण नव्हते. काही विद्यार्थी उत्तरचाचणीस अनुपस्थित राहिले. त्यामुळे प्रस्तुत संशोधनाचे निष्कर्ष सार्वत्रिक मानता येणार नाहीत.”

यातल्या प्रत्येक वाक्याला एकच प्रश्न विचारायचा: तुझ्यामुळे माझा आठ शब्दांचा आकडा फुगतो, आकसतो, की तुझा त्याच्याशी संबंधच नाही?

पहिलं वाक्य कुंपणाबद्दल आहे. एकच तालुका घेणं हा तिचा निर्णय होता, त्यात दोष काही नाही. हे वाक्य पहिल्या प्रकरणात राहू द्यावं. दुसऱ्या वाक्यातला ‘केवळ’ हा शब्द काहीच सांगत नाही. बारा शाळा कमी आहेत का, आणि कशासाठी कमी आहेत, हे सांगायला हवं होतं. तिसरं वाक्य सबब सांगतं. पैसे नव्हते हे खरं असेल, पण त्यामुळे निष्कर्षात काय बिघडलं ते वाचकाला कळत नाही. चौथं वाक्य सगळ्यांत लाडकं, आणि इथे ते सरळ काढून टाकता येतं. थकलेली मुलं दोन्ही गटांत होती, घरची ओढाताण दोन्ही गटांत होती. दोन्हीकडे सारखीच असलेली गोष्ट दोन गटांमधला फरक निर्माण करू शकत नाही. एखाद्याच गटाची चाचणी भर दुपारी पत्र्याच्या वर्गात झाली असती, तर थकवा ही मर्यादा ठरली असती आणि मग ती तशी नेमकेपणाने लिहावी लागली असती.

उरलं पाचवं वाक्य: काही विद्यार्थी अनुपस्थित राहिले. सहा वाक्यांत खऱ्या मर्यादेला हात लावणारं हे एकच वाक्य, आणि तेही असं बसवलंय की नजर त्यावरून घसरावी.

बीडमध्ये मार्चच्या चाचणीला मुलं का नसतात, हे तिथल्या कुठल्याही शिक्षकाला विचारा. दसरा-दिवाळीच्या सुमाराला ऊसतोडीच्या टोळ्या निघतात, आणि कारखाने बंद होईपर्यंत, म्हणजे उन्हाळ्याच्या तोंडापर्यंत, ती कुटुंबं फडावरच्या कोप्यांवर असतात. काही मुलं आजी-आजोबांजवळ किंवा हंगामी वसतिगृहात राहतात, बाकीची आईबापांबरोबर जातात. म्हणजे चाचणीला जी मुलं नव्हती, ती योगायोगाने गैरहजर नव्हती. ती एका विशिष्ट घरची मुलं होती. ‘अनुपस्थित’ हा हजेरीवहीतला शब्द ही गोष्ट झाकून टाकतो.

तिने काय करायला हवं? आधी मोजायला हवं. 240 पैकी 198 मुलांनी उत्तरचाचणी दिली, 42 गळाली. उपक्रमाच्या शाळांतून 19 आणि दुसऱ्या शाळांतून 23. गळती दोन्हीकडे जवळपास सारखी आहे, ही पहिली दिलासा देणारी गोष्ट. मग जुलैचे आकडे काढायचे, कारण पूर्वचाचणी तर या 42 मुलांनीही दिली होती. राहिलेल्या मुलांचा जुलैतला वेग मिनिटाला 38 शब्द होता, गेलेल्या मुलांचा 31 च्या आसपास, आणि तोही दोन्ही गटांत. म्हणजे गेलेली मुलं मुळातच मागे होती. त्यामुळे तिचा निष्कर्ष वर्षभर गावात राहू शकलेल्या मुलांबद्दल आहे. हे वाक्य तिला लिहावंच लागेल, आणि ते ‘सार्वत्रिक मानता येणार नाहीत’ यापेक्षा कितीतरी जास्त सांगतं.

यापुढेही एक पायरी आहे आणि ती फारच कमी प्रबंधांत दिसते. गळालेली मुलं थांबली असती तर आकडा किती बदलला असता, याचा हिशेब कागदावर करता येतो. समजा, उपक्रमाच्या शाळांतली ती 19 मुलं थांबली असती आणि त्यांना गोष्टीच्या पुस्तकांचा काडीचाही उपयोग झाला नसता, म्हणजे त्यांचा वेग दुसऱ्या शाळांसारखाच 13 शब्दांनी वाढला असता. मग 101 मुलांचे 21 आणि 19 मुलांचे 13 मिळून 120 मुलांची सरासरी येते 19.7. दुसरीकडे 13. फरक 8 वरून 6.7 वर उतरतो. आता स्वतःवर आणखी कठोर व्हायचं. समजा, त्या 19 मुलांचा वेग अजिबात वाढला नसता आणि दुसऱ्या गटातल्या 23 मुलांचा मात्र 13 शब्दांनी वाढला असता. अशी वाईटातली वाईट शक्यता धरूनही फरक 4.7 शब्दांचा उरतो. निम्म्याच्या जरा वर, पण पुसला जात नाही. हा हिशेब करायला संगणकाची गरज नाही, पाटी-पेन्सिल पुरते. तो केल्यावर ‘काही विद्यार्थी अनुपस्थित राहिले’ या दबक्या वाक्याच्या जागी सरळ मान वर करून लिहिता येतं: 42 मुलं गळाली, ती मागे असलेली मुलं होती, आणि त्यांच्याबद्दल सगळ्यांत वाईट धरलं तरी फरक टिकतो.

आता परिच्छेदात जे नव्हतंच, तिकडे वळू. मुलांचं वाचन मोजलं कोणी? संशोधक विद्यार्थिनीने स्वतः. कोणती शाळा उपक्रमाची आणि कोणती नाही, हे तिला माहीत होतं. मूल अडखळलं तर तो शब्द चूक धरायचा की त्याने लगेच सुधारला म्हणून बरोबर धरायचा, असा निर्णय मिनिटात चार-पाच वेळा घ्यावा लागतो. मनात काही नसलं तरी हात थोडा इकडे किंवा तिकडे झुकतो. ही मर्यादा आकडा वर ढकलते. परीक्षक व्हायवाला हेच विचारणार.

याच अडचणीला तोंड दिल्याचं एक फार चांगलं उदाहरण वैद्यकात आहे. रिचर्ड डॉल आणि ऑस्टिन ब्रॅडफर्ड हिल यांचा धूम्रपान आणि फुप्फुसाचा कर्करोग यांवरचा लेख 1950 साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये आला. लंडनमधल्या 20 रुग्णालयांतले फुप्फुसाच्या कर्करोगाचे 709 रुग्ण त्यांनी घेतले. प्रत्येकामागे त्याच लिंगाचा, साधारण त्याच वयाचा, पण हा रोग नसलेला एक रुग्ण घेतला आणि सगळ्यांना धूम्रपानाबद्दल प्रश्न विचारले. कर्करोग झालेले 649 पुरुष होते, त्यांत कधीच धूम्रपान न केलेले फक्त दोन निघाले. तुलनेसाठी घेतलेल्या तितक्याच पुरुषांत असे 27 होते. पण मुलाखत घेणाऱ्यांना समोरच्या रुग्णाचं निदान बहुतेक वेळा ठाऊक होतं. म्हणजे कर्करोगाच्या रुग्णाला ‘नक्की किती ओढता?’ असं जरा जास्तच खोदून विचारलं गेलं असेल, ही शंका उभी होतीच.

त्यांनी ही शंका लपवली नाही आणि ‘मुलाखतकारांवर नियंत्रण नव्हते’ असं लिहून मोकळेही झाले नाहीत. त्यांच्याकडे काही रुग्ण असे होते की मुलाखतीच्या वेळी त्यांना फुप्फुसाचा कर्करोग आहे असं समजलं जात होतं, पण पुढे तपासाअंती निदान चुकीचं ठरलं. मुलाखत घेणाऱ्याचा कल आकडे फुगवत असता, तर या लोकांच्या धूम्रपानाचे आकडेही कर्करोगाच्या रुग्णांसारखेच फुगलेले दिसायला हवे होते, कारण विचारणाऱ्याच्या दृष्टीने तेव्हा तेही कर्करोगाचेच रुग्ण होते. ते आकडे तसे नव्हते. ते कर्करोग नसलेल्या रुग्णांशी जुळत होते. शिवाय 50 रुग्णांना काही महिन्यांनी पुन्हा तेच प्रश्न विचारून, माणसं आपल्या सवयीबद्दल एकसारखं सांगतात का, हेही त्यांनी पाहिलं. शंका पूर्ण मांडली, ती तपासायचा मार्ग शोधला, उत्तर आकड्यांत दिलं. लेखातला सगळ्यांत पटणारा भाग माझ्या मते तोच आहे.

आपल्या विद्यार्थिनीला इतकी संधी नव्हती, पण थोडी होती. तिने मुलांचं वाचन मोबाइलवर रेकॉर्ड करून ठेवलं होतं. त्यातली 60 रेकॉर्डिंग चिठ्ठ्या टाकून निवडली, शाळांची नावं काढून फक्त क्रमांक ठेवले आणि तालुक्याबाहेरच्या एका शिक्षकाला मोजायला दिली. त्या 60 मुलांत तिच्या मोजणीने दोन गटांत 8 शब्दांचा फरक होता, त्या शिक्षकाच्या मोजणीने 7 शब्दांचा. म्हणजे कल थोडा होता, पण फार नव्हता. इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सोडून द्यावी लागते. चाचणीच्या वेळी तिने उपक्रमातल्या मुलांकडे जास्त प्रेमाने पाहिलं असेल, मान डोलावली असेल, तर ते रेकॉर्डिंगमध्ये ऐकू येत नाही. तेवढी शंका शिल्लक राहते, आणि ती शिल्लक आहे असंच लिहायचं.

इथवरच्या दोन्ही मर्यादा मोजता आल्या. तिसरी मोजता येत नाही, आणि सगळ्यांत मोठी तीच आहे. उपक्रमाच्या सहा शाळा ठरल्या कशा? केंद्राच्या बैठकीत तिने मुख्याध्यापकांसमोर कल्पना मांडली. जे ‘आमच्याकडे करा’ म्हणाले, त्यांच्या शाळांत उपक्रम झाला. जे गप्प राहिले, त्यांच्यापैकी सहा शाळा तुलनेसाठी घेतल्या. आता हे उघड आहे की जे शिक्षक स्वतःहून पुढे आले ते मुळातच हौशी असणार. मुलांचं वाचन सुधारलं ते पुस्तकांमुळे की त्या शिक्षकांमुळे? जुलैत दोन्ही गटांच्या मुलांचा वेग सारखा होता, हे खरं. पण वर्षभरात शिक्षकाचा उत्साह काय करून जातो, ते जुलैच्या आकड्यात दिसत नाही.

थोडा उजेड टाकता येतो. उपक्रमाचा गणिताशी काही संबंध नव्हता. शाळेच्या संकलित चाचण्यांतले गणिताचे गुण घेतले, तर दोन्ही गटांची वाढ जवळपास सारखी निघाली. निव्वळ उत्साही शिक्षकाचाच हा परिणाम असता, तर गणितातही काही दिसायला हवं होतं. पण भाषेचीच विशेष आवड असलेला शिक्षक असू शकतो, म्हणून हा पुरावा पुरेसा नाही. त्यात शाळा सहा विरुद्ध सहा. मुलं 198 असली तरी उपक्रम शाळेला मिळाला होता, मुलाला नाही. त्यामुळे तुलना खरं तर बारा शाळांची आहे, आणि एकदोन शाळांनी सरासरी ओढून नेणं सहज शक्य आहे.

अशा वेळी मर्यादांच्या परिच्छेदात कितीही शब्द खर्चले तरी काही साधत नाही. बहुतेक विद्यार्थी इथेच अडतात. ते मर्यादा सौम्य करायला जातात: ‘तथापि’ घालतात, ‘काही अंशी’ घालतात. बदलायला हवा तो दावा. निष्कर्षाच्या प्रकरणात तिने लिहिलं होतं, ‘गोष्टींच्या पुस्तकांच्या वाचनामुळे विद्यार्थ्यांच्या वाचनवेगात लक्षणीय वाढ होते.’ हे तिच्या अभ्यासातून सिद्ध होत नाही. सिद्ध होतं ते असं: ज्या शाळांतले शिक्षक उपक्रमासाठी स्वतःहून तयार झाले, तिथे वर्षभर शाळेत राहिलेल्या मुलांचा वाचनवेग तुलनेच्या शाळांपेक्षा मिनिटाला सुमारे 8 शब्दांनी जास्त वाढला. वाक्य लांब झालं, पण त्यातला एकही शब्द परीक्षक काढून घेऊ शकत नाही. आणि हे वाक्य कमी मोलाचं अजिबात नाही. गटशिक्षणाधिकाऱ्याला उद्या हा उपक्रम सुरू करायचा असेल, तर तोही तयार असलेल्या शिक्षकांपासूनच सुरुवात करणार. त्याला नेमकी हीच माहिती हवी असते.

दावा असा बेताचा केला, की मर्यादांचा परिच्छेद लिहिणं सोपं होतं. तिचा नवा परिच्छेद असा:

“उपक्रमाच्या शाळा मुख्याध्यापकांच्या स्वेच्छेने निवडल्या गेल्या. त्यामुळे आढळलेला फरक पुस्तकांमुळे किती आणि शिक्षकांच्या उत्साहामुळे किती, हे या अभ्यासातून वेगळे काढता येत नाही. गणिताच्या गुणांत दोन्ही गटांची वाढ सारखीच होती. ती या शंकेचे अंशतः उत्तर देते, पूर्णतः नाही. तुलना केवळ बारा शाळांमधील असल्याने 8 शब्द हा आकडा अंदाज म्हणून घ्यावा. उत्तरचाचणीपूर्वी 42 विद्यार्थी (19 व 23) गळाले. त्यांपैकी बहुतेक ऊसतोडीसाठी स्थलांतरित कुटुंबांतील होते व त्यांचा आरंभीचा वाचनवेग इतरांपेक्षा कमी होता. म्हणून हे निष्कर्ष स्थलांतरित विद्यार्थ्यांना लागू करू नयेत. गळतीमुळे फरक किती बदलू शकतो याचा हिशेब केला असता, सर्वांत प्रतिकूल गृहीतकानुसारही तो 4.7 शब्दांचा राहतो. चाचणी संशोधकाने स्वतः घेतली. 60 ध्वनिमुद्रणांच्या स्वतंत्र मोजणीत फरक 8 ऐवजी 7 शब्दांचा आढळला. चाचणीच्या वेळच्या वागणुकीतील संभाव्य फरक मात्र तपासता आलेला नाही.”

क्रमाकडे लक्ष द्या. सगळ्यांत मोठी मर्यादा सगळ्यांत आधी आली आहे आणि तिच्या शेपटीला सांत्वनाचं वाक्य नाही. जी तपासता आली तिच्याजवळच तपासणीचा आकडा आहे. ‘वेळ व पैसा’ नाही, ‘मानसिकता’ नाही, ‘नम्रपणे नमूद करू इच्छितो’ नाही. ‘सार्वत्रिक मानता येणार नाहीत’ या वाक्याच्या जागी कोणाला लागू करू नयेत हे नाव घेऊन सांगितलं आहे. एवढं सांगितलं, की बाकीच्यांना लागू करायला हरकत नाही हे वाचक आपोआप समजतो.

एक सावधगिरी. परिच्छेद सुधारला आणि बाकी प्रबंध तसाच ठेवला, तर विसंगती ठळक दिसते. सारांशात अजून ‘लक्षणीय वाढ होते’ लिहिलेलं असतं. शिफारशींत ‘राज्यातील सर्व प्राथमिक शाळांत हा उपक्रम राबवावा’ असं असतं. परीक्षक हे तीन मजकूर, सारांश, मर्यादा आणि शिफारशी, शेजारी शेजारी ठेवून वाचतात, आणि त्यांचे बहुतेक अवघड प्रश्न त्यांच्यातल्या फटीतून निघतात. शिफारस मर्यादेतून निघाली पाहिजे. इथे ती अशी होईल: पुढच्या अभ्यासात जास्त मुख्याध्यापकांची तयारी आधी घ्यावी आणि त्या तयार शाळांतून चिठ्ठ्या टाकून निम्म्यांना या वर्षी, निम्म्यांना पुढच्या वर्षी उपक्रम द्यावा. म्हणजे दोन्हीकडे शिक्षक सारखेच हौशी राहतील. दुसरी शिफारस स्थलांतरित मुलांची. त्यांची चाचणी दिवाळीआधी आणि परतल्यावर जूनमध्ये घ्यावी, मार्चमध्ये नाही. अशा शिफारशी वाचून पुढचा विद्यार्थी खरंच कामाला लागू शकतो. आता प्रबंध शोधगंगेवर चढतात, कोणीही उघडून वाचू शकतो, तेव्हा पुढचा विद्यार्थी ही काही कल्पनेतली व्यक्ती राहिलेली नाही.

उलट टोकालाही जाऊ नये. काही प्रामाणिक विद्यार्थी सुचतील तेवढ्या मर्यादा लिहीत सुटतात. पाऊस जास्त झाला, एका शाळेत शिक्षक रजेवर होते, दोन पुस्तकांची पानं सुटली होती. निष्कर्षावर ज्यांचा परिणाम होत नाही अशा गोष्टींची यादी वाढली, की खरी मर्यादा पुन्हा गर्दीत हरवते. अशा नोंदी परिशिष्टात ठेवाव्यात. तीन मर्यादा पुरेशा होतात, कधी दोनच असतात. कोणती ठेवायची हे ठरवताना स्वतःला विचारावं: ही गोष्ट मला कोणी दुसऱ्याने दाखवून दिली, तर मला निष्कर्षाचं वाक्य बदलावं लागेल का? बदलावं लागणार असेल तर ती ठेवा.

व्हायवाच्या दिवशी याचा उपयोग कसा होतो ते पाहा. बहिःस्थ परीक्षक विचारतात, “ऊसतोडीला गेलेल्या मुलांचं काय केलंत तुम्ही?” जुना परिच्छेद लिहिलेली विद्यार्थिनी म्हणते, “सर, ती माझी मर्यादा आहे.” आणि पुढे शांतता. नवा परिच्छेद लिहिलेली म्हणते, “सर, 42 मुलं गेली, पान अमुकवर तक्ता आहे. सगळ्यांत वाईट धरलं तरी 4.7 शब्दांचा फरक राहतो, पण त्या मुलांबद्दल मी काहीच दावा केलेला नाही.” दुसऱ्या उत्तरानंतर परीक्षक सहसा पान उलटून तक्ता बघतात आणि चर्चा पुढे सरकते.

हे सगळं करायला एक गोष्ट हाताशी असावी लागते, आणि ती नेमकी याच ठिकाणी हातून जाते. उत्तरचाचणी झाली की बरेच विद्यार्थी एक्सेलमधून अपुऱ्या नोंदी काढून टाकतात, म्हणजे तक्ते स्वच्छ दिसतात. त्या 42 ओळी गेल्या, की जुलैचे आकडे गेले, आणि वर केलेला एकही हिशेब नंतर करता येत नाही. तेव्हा मार्गदर्शकांना आणि विद्यार्थ्यांना एवढीच विनंती आहे: न आलेल्या मुलांच्या ओळी पुसू नका. त्यांच्यापुढे एक जादा रकाना घाला आणि मूल का आलं नाही ते वर्गशिक्षकांना विचारून त्याच आठवड्यात लिहून ठेवा.